'सार्वजनिक जागा आहे' एवढं म्हणून भागत नाही

प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्यांना कुणी हटकलं की उत्तर तयार असतं: "सार्वजनिक जागा आहे, इथे शूट करायला कुणाची परवानगी लागत नाही." हे उत्तर फार तर अर्धं खरं आहे. कॅमेरा चालू करणं वेगळं आणि ते चॅनलवर टाकणं वेगळं, आणि बऱ्याच कायद्यांचा रोख दुसऱ्या गोष्टीवर असतो. जर्मनीत १९०७ पासून कायदा आहे की एखाद्याचं चित्र प्रसिद्ध करायचं तर त्याची संमती हवी. त्यातला एक अपवाद मात्र आपल्या कामाचा आहे. एखाद्या जागेच्या दृश्यात माणूस केवळ ओघाने आला असेल, तर संमती लागत नाही.

या अपवादातून एक सोपी कसोटी निघते आणि ती जर्मनीबाहेरही वापरावी असं माझं ठाम मत आहे. तो माणूस काढून टाकला तर शॉट तोच राहतो का? राहत असेल तर तो गर्दीचा भाग. नसेल तर तो तुमचा विषय आहे आणि त्याला विचारायलाच हवं.

बाजारातल्या गल्लीचा आठ सेकंदांचा शॉट घ्या. पहिले तीन सेकंद कॅमेरा चालत पुढे जातो, माणसं येतात-जातात. इथवर ठीक. मग कॅमेरा एका विक्रेत्या आजींवर थांबतो. इथे त्या विषय झाल्या. त्यांच्या मागे शाळेच्या गणवेशातला मुलगा उभा आहे, तो तर कुणाच्या लक्षातही नसतो. आजी "हो" म्हणाल्या तरी ते उत्तर त्याच्या वतीने नाही. मुलाचे पालक भेटले नाहीत तर तो फ्रेमबाहेर राहील अशी जागा बदला. नुसता चेहरा झाकून भागत नाही, कारण गणवेशावरून शाळा कळते आणि गल्लीवरून रोजचा रस्ता.

विचारायचं कधी? आधी विचारलं की माणूस ताठ उभा राहतो आणि शॉट मरतो, ही तक्रार खरी आहे. उपाय असा: आधी हात आणि माल यांचे जवळून शॉट घ्या, मग विचारा, मग चेहऱ्याकडे या. दोन मिनिटांत माणूस पुन्हा कामाला लागतो. प्रश्नही दोन हवेत. "शूट करू का?" आणि "हे इंटरनेटवर टाकू का, कुणालाही दिसेल." दुसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि वाद तिथेच होतो. भाषा येत नसेल तर फोनवर आपलं चॅनल उघडून दाखवा. होकार कॅमेऱ्यातच टिपा आणि ती मूळ क्लिप ठेवा. नकार आला तर समोरच क्लिप काढून टाका, आणि फोनवर शूट केलं असेल तर 'अलीकडे हटवलेले' फोल्डरमधूनही काढा. तिथे ती कित्येक दिवस पडून असते.

स्मारकांवर तर गोंधळ दुप्पट. तिकीट किंवा कॅमेऱ्याची परवानगी असते वास्तूसाठी. तिथे दर्शनाला, प्रार्थनेला आलेली माणसं त्यात मोडत नाहीत. इजिप्तने २०२२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी वैयक्तिक वापरासाठी फोटो-व्हिडिओ मोकळे केले, पण त्याच नियमांत नागरिकांचे फोटो काढायला त्यांची लेखी संमती मागितली आणि मुलांचे फोटो काढायला बंदी घातली. पहिलं वाक्य वाचून थांबणारे इथेच फसतात.

"नंतर ब्लर करू" हाही एक भाबडेपणा आहे. आपोआप चेहऱ्यामागे जाणारा ब्लर माणसाने मान वळवली किंवा मध्ये खांब आला की सुटतो. एक फ्रेम सुटली तरी प्रेक्षक तिथेच व्हिडिओ थांबवून बघतो. म्हणून चेहरा दिसायला लागण्याच्या पाच-सहा फ्रेम आधी ब्लर सुरू करा आणि तो तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवत तपासा. दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब राहून जातं. कुणी नावाने मारलेली हाक आवाजात राहते. आणि सगळ्यात हमखास चूक म्हणजे थंबनेल: ते मूळ फुटेजमधून काढलेलं असतं, ब्लर न केलेलं.

व्हिडिओ आधीच टाकला असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये चेहरे ब्लर करता येतात, लिंक आणि व्ह्यूज न गमावता. एक लाख व्ह्यूजच्या पुढे बाकीचे बदल जतन होतीलच असं नाही, चेहऱ्यांचा ब्लर मात्र होतो. गोपनीयतेची तक्रार आली तर यूट्यूब व्हिडिओ टाकणाऱ्याला सहसा ४८ तास देतं. तेवढ्यात तो तुकडा कापा किंवा झाका. "तुम्ही होकार दिला होता" असा वाद घालायची हौस असेल तर ती आधी जपून ठेवलेली क्लिप शोधा, आणि तिच्यात दुसरा प्रश्न विचारलेला ऐकू येतो का ते बघा.