वेल्वेट ब्लाउजच्या तक्रारीबद्दल, दुकानाकडून

"सांगलीतच शिवायला दिलं होतं, वाइन रंगाचं वेल्वेट. उजवी बाही डावीपेक्षा फिकी दिसते, कापड बदललं की काय? बाजूच्या शिवणीत खालचा काठ वरखाली झालाय आणि गळ्याजवळ इस्त्रीचा चकाकता डाग. एक स्टार."

ताई, नमस्कार. कापड तुमचंच आहे, चूक आमची आहे.

बाही उलटी करून आतली बाजू बघा, रंग एकच दिसेल. मग दोन्ही बाह्यांवरून खांद्याकडून मनगटाकडे हात फिरवा. एकीवर हात गुळगुळीत सरकेल, दुसरीवर लव उभी राहील. लव वर जाणारी असली की वेल्वेट गडद दिसतं, खाली झुकलेली असली की फिकं आणि चमकदार. साध्या कापडात कापताना आम्ही बाह्या एक वर, एक खाली तोंड करून मांडतो, कापड वाचतं. कारागिराने सवयीने तेच केलं. वेल्वेटला सगळे भाग एकाच दिशेने ठेवावे लागतात, त्यामुळे कापडही जास्त लागतं. कमी पडत होतं तर आधी तुम्हाला फोन करायला हवा होता.

काठाचं कारण वेगळं आहे. समोरासमोर आलेली लव एकमेकींवर घसरते, मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि शेवटी वरचा काठ बोटभर जास्त उरतो. पायाचा दाब कमी करून, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवून, आधी मायेत हाताने कच्च्या टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या असतात. आमच्याकडे नुसत्या टाचण्यांवर भागवलं. ती शिवण उसवून पुन्हा घालता येईल. पण जुन्या टाक्यांच्या जागी लव दबलेली असते, म्हणून ती आत मायेत जाईल एवढी शिवण घ्यावी लागेल. अंगात थोडं कमी होईल, आधी मापून बघू.

डाग मात्र जाणार नाही. वेल्वेटला वरून इस्त्री टेकवायचीच नसते. लव खाली करून, दुसऱ्या वेल्वेटच्या तुकड्यावर ठेवून, उलट्या बाजूने नुसती वाफ द्यायची आणि शिवण बोटांनी दाबायची. तुमच्या उरलेल्या तुकड्यावर मी मुद्दाम इस्त्री टेकवून बघितली, मग वाफ देऊन मऊ ब्रशने लव उलटी फिरवली, उठली नाही. कापड पॉलिस्टरचं आहे, लव वितळून चिकटते. सुती किंवा रेशमी असती तर बहुधा सावरली असती.

तेव्हा असं करू. हे कापड जिथून घेतलंत त्याच दुकानातून पुन्हा आणा, पैसे मी देतो. नवीन थानाचा रंग किंचित वेगळा निघू शकतो, म्हणून एक नाही, दोन्ही बाह्या नव्या करतो. गळ्याचा डाग झाकायला त्याच कापडाची पाइपिंग पुरणार नाही, डाग रुंद आहे. पुढचा भागच नवा कापावा लागेल. एवढं नको असेल तर शिलाईचे पूर्ण पैसे परत. येताना उरलेला तुकडा नको, तो इथेच आहे. ब्लाउज घडी न घालता हँगरवर आणा, घडीची रेघही बसते.