समरूपता दिली की शोधायला लावली?

"अध्ययन निष्पत्तीचे तक्ते भरायला वेळ कुणाकडे आहे? समरूपतेच्या धड्यातली गणितं समरूपतेचीच असणार ना, मग आणखी जुळवायचं काय? उगाच कागदी काम वाटलं."

मॅडम, तक्त्यांवरून भांडणार नाही, मीसुद्धा सगळ्या रकान्यांत टिक मारून मोकळा झालोय. पण धडा जुळला म्हणजे निष्पत्ती जुळली असं नाही हो, तिच्यातलं क्रियापद बघावं लागतं. दहावीला अपेक्षा अशी की कसोट्या वापरून दोन त्रिकोण समरूप आहेत हे मुलगा तर्काने दाखवेल. आणि कोथरूडच्या बॅचला मीच दिलेलं गणित बघा: △ABC ~ △PQR, AB = 4, PQ = 6, BC = 5, तर QR किती? उत्तर 7.5. समरूपता मीच देऊन टाकली, मग पोरांना उरलं काय तर त्रैराशिक, ते सातवीतलंही पोर करेल. अशी दहा सोडवली तरी कसोटी कळली का ते कळत नाही.

मग ते बदललं. समलंब चौकोन ABCD, AB ∥ DC, कर्ण O मध्ये छेदतात, AB = 12, DC = 8, OA = 7.5, OB = 9, तर OD काढा. इथे त्रिकोण कुठले ते आधी शोधायचं, समांतर रेषांमुळे व्युत्क्रम कोन समान म्हणून कोको कसोटी, आणि जोडी △AOB ~ △COD अशीच लिहायची. म्हणजे OB ची जोडी OD शी, OD = 9 × 8/12 = 6. आता OA ची गरज नव्हती, ते मुद्दाम घातलंय, कारण जो △AOB ~ △DOC लिहितो तो OA ची जोडी OD शी लावतो आणि त्याचं उत्तर येतं 5. नुसत्या उत्तरावरून चूक कुठे झाली ते दिसतं, वही उघडायलाही नको (पेपर तपासताना केवढा वेळ वाचतो!).

शिवाय "समरूप नाहीत" किंवा "सांगता येत नाही" असं उत्तर असलेलं एक तरी गणित हवंच. AB = 8, AC = 6, ∠B = 30° आणि PQ = 4, PR = 3, ∠Q = 30°. बाजू 2 : 1, कोन समान, पोरं लगेच बाकोबा लिहून टाकतात. पण ∠B हा AB आणि AC च्या मधला कोन नाहीये. कंपास घेऊन काढायला लावा, A वरून 6 चा कंस समोरच्या किरणाला दोन जागी कापतो, म्हणजे त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण निघतात, मग समरूप कुठल्या जोरावर म्हणायचं?

त्रैराशिकवाली गणितं मी काढली नाहीत, हात बसायला लागतातच. फक्त त्यांच्यासमोर आता "गुणोत्तरावरून बाजू काढतो" एवढंच लिहितो. तुमच्या वर्गात समलंबाचं देऊन बघा आणि 5 किती जणांचं येतं ते कळवा, माझ्याकडे पहिल्यांदा अर्ध्याहून जास्त पोरांचं आलं होतं.