उसण, पायाळू काकू आणि पाण्याचा पेला

चूळ भरायला बेसिनवर वाकलो आणि तिथेच राहिलो. सोमवार, सकाळचे पावणेआठ. तोंडात पेस्ट, कमरेत खिळा ठोकल्यासारखी कळ आणि देह काटकोनात. मागून बायको म्हणाली, "अहो, आरशात किती बघाल?" आरसा वर होता. मला दिसत होती फक्त बेसिनची जाळी.

दोन वर्षांतली ही तिसरी खेप. पहिल्यांदा माळ्यावरून दिवाळीचा ट्रंक काढला होता, म्हणजे निदान सांगायला कारण तरी होतं. दुसऱ्यांदा गाडीच्या डिकीतून कलिंगड उचललं. आता नुसती चूळ. कारण दरवेळी हलकं होत चाललंय. चौथ्यांदा शिंकलो तरी पुरेल.

साताऱ्याहून आईचा फोन आला. "उसण भरलीय रे. पायाळू माणसाकडून लाथ मारून घे." आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पायाळू आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, अत्यंत सोज्ज्वळ. कलिंगडाच्या वेळी त्यांनी देवाची क्षमा मागून माझ्या कमरेवर तीनदा पाय टेकवला होता आणि वर साखर हातावर ठेवली होती. गुण आला, खोटं कशाला बोलू? फक्त तीन आठवड्यांनी आला.

या वेळी मी शहाणपणा केला. कोणाला न विचारता थेट एमआरआय काढला. रिपोर्ट वाचला आणि घाम फुटला. खालच्या दोन चकत्या फुगलेल्या, त्यातली एक 'डेसिकेटेड'. हा शब्द मला तोवर फक्त खोबऱ्याच्या पाकिटावरून माहीत होता. वय त्रेचाळीस आणि कण्यात सुकं खोबरं! मी रात्री विम्याचे कागद कुठे आहेत ते बायकोला दाखवून ठेवले. तिने विचारलं, "आणि माळ्यावरचा ट्रंक परत कोण ठेवणार?"

हाडांच्या डॉक्टरांकडे दीड तास बसलो. कंबरदुखीच्या पेशंटांना दीड तास खुर्चीत बसवणं हा बहुधा तपासणीचाच भाग असावा. आत गेल्यावर मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उघडलाच नाही! आधी प्रश्न: लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का? मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर वाटते का? ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर? वजनाचं म्हटल्यावर मी आशेने पोटाकडे पाहिलं. नाही, तेही उतरलं नव्हतं.

मग त्यांनी मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. पायाचा अंगठा वर दाबून धरायला लावून स्वतः तो खाली ढकलला. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. हे सगळं कशासाठी, हेही सांगितलं. कमरेतली नस दबली असेल तर असा पाय उचलताना कळ गुडघ्याखाली विजेसारखी जाते, अंगठ्याचा जोर कमी होतो, चालताना पाऊल लोंबतं. माझ्यात यातलं काही नव्हतं. पाय साठ अंशांवर अडला, पण तो मांडीच्या मागच्या आखडलेल्या स्नायूंनी अडवला. ऑफिसात वीस वर्षं घडी घालून ठेवलेले स्नायू आहेत ते, त्यांचाही काही हक्क आहे.

"आणि हे?" मी रिपोर्टकडे बोट दाखवलं.

"कंबर दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचा एमआरआय काढला तर जवळपास निम्म्यांत अशी फुगलेली चकती सापडते," डॉक्टर म्हणाले. "हे पांढऱ्या केसांसारखं आहे. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखत नाही."

मी हात नकळत डोक्यावरून फिरवला. तिथे तेही उदाहरण आता लागू पडत नाही.

पाच दिवसांच्या गोळ्या, जेवणानंतर. बेडरेस्ट नाही, झेपेल तेवढं चालत राहा. "अशी बहुतेक दुखणी महिना-दीड महिन्यात आपोआप उतरतात," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यात तिसरा मजला लख्ख उजळला. तेल, पट्टा, मसाज, काकूंचा पाय: दुखणं उतरायच्या वेळी जो शेवटचा हजर असेल, श्रेय त्याचं! मग परत परत का येतं? त्याचं उत्तर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. फिजिओथेरपी.

फिजिओ मॅडमकडचे पहिले तीन दिवस स्वर्ग. कमरेला चार रबरी चकत्या, मशीनच्या गोड मुंग्या, वर शेकाची पिशवी. मी घोरलो, असं बाहेर बसलेल्या आजोबांनी सांगितलं. चौथ्या दिवशी मॅडमनी मशीनला हात लावला नाही. "दुखणं शांत करायला ते ठीक होतं. त्याने स्नायू तयार होत नाहीत. वाका."

पाठीला उभी काठी लावली. डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही जागी ती टेकलेली हवी. आता वाकायचं, पण कमरेतून नाही, खुब्यातून. ढुंगण मागे, गुडघे किंचित सैल. मी वाकलो आणि काठी माकडहाड सोडून हवेत गेली. "बघा, तुम्ही खुब्यातून वाकतच नाही. सगळा भार कंबर घेते. बेसिनवर, डिकीत, सगळीकडे." म्हणजे कलिंगड निर्दोष होतं.

नंतर मला हातापायांवर रांगतं केलं. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा सेकंद. एका बाजूला पाच वेळा, मग दुसरी बाजू. आणि कमरेवर ठेवला स्टीलचा पेला, पाण्याने अर्धा भरलेला. कंबर स्थिर असेल तर पेला हलत नाही. माझा पहिला पेला दुसऱ्या सेकंदाला मानेवरून कानात आला. एक नियम मात्र त्यांनी दोनदा बजावला: व्यायामाने दुखणं पायाकडून वर कमरेकडे सरकलं तर चांगलं, कमरेतून खाली पायात उतरायला लागलं तर थांबायचं आणि मला फोन करायचा.

"मागच्या दोन्ही वेळी व्यायाम किती दिवस केला होतात?" त्यांनी विचारलं.

"दुखत होतं तोवर."

"म्हणजे पावसाळा संपल्यावर छप्पर शाकारायचं राहिलं, असंच ना?"

मी उत्तर दिलं नाही. माझा एक पाय हवेत होता.

आता तिसरा महिना. पेला सात सेकंद टिकतो. दर चाळीस मिनिटांनी खुर्चीतून उठायचं म्हणून मी उठतो, आणि उठल्यावर माणूस जाणार कुठे? चहाच्या मशीनकडे. पाच-सहा चहा होतात. अ‍ॅसिडिटीचे डॉक्टर वेगळे आहेत.

सकाळी घरी वेळ होत नाही म्हणून ऑफिसात लवकर जाऊन टेबलामागे सतरंजी टाकतो. परवा मी असाच चार पायांवर, एक हात हवेत, असताना झाडूवाल्या मावशी आल्या.

"साहेब, काय पडलं?"

दहा सेकंद पुरे व्हायचे होते, मी बोललो नाही. मावशींना दया आली. त्या खुब्यातून झकास वाकल्या, पाठ फळीसारखी सरळ, आणि उकिडव्या बसून त्यांनी टेबलाखाली झाडू फिरवला. तिथून दोन पेनं, एक चार्जर आणि माझी गेल्या वर्षीची फिजिओची फाईल निघाली. तीन पानांच्या पुढे कोरी.