जरा नीट बोला, बाप्पा!

गावच्या माणसाला बोलायचं वळण नाही, अशी तालुक्याच्या साहेबांची तक्रार असते. खरंच आहे. तेव्हा पुढच्या खेपेला कचेरीत जाताना थोडी तयारी करून जा.

'मेला' म्हणू नका. ढोर मरते, माणूस 'ऑफ होते'.

म्हाताऱ्याला 'ज्येष्ठ नागरिक' म्हणा आणि मग हयातीच्या दाखल्यासाठी खुशाल उन्हात उभं करा.

तुमचे पन्नास हजार थकले तर तुम्ही 'कर्जबुडवे'. कारखानदाराचे शेकडो कोटी बुडाले की त्याला 'हेअरकट' म्हणायचं. बँकेची हजामत होते, पण ओरडायचं नाही.

बाईला 'विधवा' म्हणणं तर फारच वाईट. २०२३ मध्ये त्याऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावं असा प्रस्ताव मंत्रालयात निघाला होता. बायाच भडकल्या, म्हणून राहिला.

आता महत्त्वाचा शब्द: 'पात्र'. शेतकऱ्याने जीव दिला की त्याचं 'प्रकरण' होते. शेती घरच्या कोणाच्या तरी नावाने हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा असल्याचं दिसलं पाहिजे. एवढं जमलं की जिल्ह्याची समिती मरण 'पात्र' ठरवते आणि एक लाख मिळतात: तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. नाही जमलं तर 'अपात्र'.

आमच्या शेजारच्या घरचं प्रकरण मागच्या आठवड्यात अपात्र निघालं. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं. सोसायटीचं जुनं कर्ज थकलेलं, म्हणून नवीन कोणी देईना. मग बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलं, आणि वरचा पैसा गावातल्याच एकाकडून, महिन्याला शेकडा पाच रुपयांनी. परवाना नसलेला माणूस व्याजाची पावती देते काय? सोसायटीची थकबाकी मात्र कागदावर 'किरकोळ' दिसली, शेरा पडला: 'कर्जाचा तगादा आढळत नाही'. तगादा आढळत नाही! रोज संध्याकाळी दारात येऊन बसणारा माणूस अख्ख्या गावाले दिसे, फक्त कागदाले दिसला नाही. वहिनीनं विचारलं, "मंग थे काहून गेले?" बाबू म्हणाला, "कौटुंबिक कारण असंन."

कौटुंबिक! घरात पैसा नाही म्हणून होणाऱ्या भांडणाले तुम्ही कौटुंबिक म्हणता, आणि पैशाचं नाव काढत नाही. मेलेल्या माणसाले नापास करायचं, वरून त्याच्या बायकोच्या चारित्र्याकडे बोट दाखवायचं, आणि सगळं गोड मराठीत.

मदत बसत नसेल तर बसत नाही म्हणा. अर्जावर सरळ लिहा: "कर्ज होतं, पण आमच्या नियमातल्या सावकाराचं नव्हतं." त्याच्या मरणाले अपात्र म्हणायचा अधिकार तुम्हाले कोणी दिला?