ओरिजिनवर बसवलेला ठोकळा आता तरी हलवा

मेश म्हणजे त्रिकोण जोडून बनवलेला वस्तूचा पृष्ठभाग. तिचं घनफळ आणि गुरुत्वमध्य काढणारा कोड कुणी दाखवला की चाचणी ठरलेली असते. १ मीटरचा घन घ्यायचा, मधोमध ओरिजिनवर बसवायचा, घनफळ १ आलं, मध्य (०,०,०) आला, झालं काम. रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठेही जा, हाच ठोकळा. संताप होतो, कारण या कामातल्या जवळजवळ सगळ्या चुका लपवणारी याहून चोख जागा कुठे शोधूनही सापडणार नाही!

पद्धत मुळात सरळ आहे. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे a, b, c ओरिजिनला जोडले की एक चतुष्फलक होतो. त्याचं घनफळ `a·(b×c)/6`, आणि ते चिन्हासकट घ्यायचं. ओरिजिनकडे पाठ केलेले त्रिकोण धन, तोंड केलेले ऋण. बंद मेशमध्ये बाहेरची सगळी फालतू जागा या अधिक-उण्यात आपोआप कटते. म्हणजे चिन्ह हा या पद्धतीचा प्राण आहे. आणि लोक तिथेच `abs()` लावतात! का, तर «घनफळ उणे कसं असेल?» अरे, एका चतुष्फलकाचं उणे असतंच, ते असायलाच हवं. ओरिजिनवरच्या घनाला `abs()` लावलं तरी १ येतं, कारण आतून पाहिलं तर बाराही त्रिकोण धनच आहेत. तोच घन उचलून तिन्ही अक्षांवर १० ते ११ मध्ये ठेवा. लांबच्या बाजूचा प्रत्येक त्रिकोण ११/६ देतो, जवळच्या बाजूचा उणे १०/६. तीन दिशा, प्रत्येकी दोन जोड्या, बेरीज बरोबर १. `abs()` लावलं की तीच बेरीज २१ होते. एका घनमीटरचे एकवीस!

दुसरी चूक भागाकाराची. चतुष्फलकाचा मध्य `(a+b+c)/4` असतो, कारण चौथा कोपरा ओरिजिन आहे. त्रिकोणाचा मध्य डोक्यात असल्यामुळे सर्रास ३ ने भागलं जातं. मग ओरिजिनपासूनचं अंतर ४/३ पट होतं आणि १०.५ च्या जागी १४ येतं. ओरिजिनवरच्या ठोकळ्यात मात्र शून्याची ४/३ पट शून्यच, चाचणी पास. हाच आकडा घेऊन पुढे कास्टिंगला उचलण्याचे हुक कुठे लावायचे ते ठरतं. माल क्रेनला लावला की वाकडा होऊन झुलतो, आणि शिव्या खातो क्रेन ऑपरेटर.

आणखी एक महाभाग वर्ग आहे, जो सगळ्या कोपऱ्यांची सरासरी काढतो आणि तिला गुरुत्वमध्य म्हणतो. त्या घनाच्या वरच्या बाजूला मधोमध फक्त एक जास्तीचा बिंदू घाला. आकार तसाच, वस्तुमान तसंच. सरासरी मात्र तळापासून ०.५ मीटरवरून ५/९ मीटरवर, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर वर सरकते. जिथे गोलाई तिथे बिंदू जास्त, म्हणून हा «मध्य» नेहमी गोलाईकडे ओढला जातो.

पण खरं डोकं फिरतं ते सर्वेक्षणवाल्यांच्या फाइली पाहून. खडीच्या ढिगाची मेश येते ती थेट यूटीएम झोन ४३ च्या, म्हणजे नकाशाच्या मीटरमधल्या निर्देशांकांत. ठाण्याच्या आसपास पूर्वेचा आकडा साधारण २,८७,००० आणि उत्तरेचा २१,२४,००० मीटर. हे बायनरी एसटीएल या मेशच्या फाइल-प्रकारात साठवलं की प्रत्येक आकडा ३२ बिटांचा होतो, आणि २१ लाखांच्या घरात ३२ बिटांची दोन शेजारच्या आकड्यांमधली पायरी २५ सेंटिमीटरची असते. पूर्वेकडे ती ३ सेंटिमीटर. म्हणजे हिशेब सुरू व्हायच्या आधीच ढिगाच्या उतारावर पायऱ्या पडल्या, त्या पुढे कोणतंही सूत्र बुजवणार नाही. म्हणून एसटीएल लिहिण्याआधीच मोठा आकडा वजा करा आणि तो वेगळा लिहून ठेवा.

६४ बिट वापरले म्हणून सुटलात असंही नाही. इतक्या लांबून काढलेला प्रत्येक चतुष्फलक लाखो घनमीटरचा सुळका असतो, आणि त्यांच्या वजाबाकीतून एवढासा ढीग उरवायचा असतो. घनफळ बहुतेक वेळा तग धरतं. गुरुत्वमध्य धरत नाही. मेश अंतराच्या मानाने लहान असली की सुळक्यांचे मध्य तिच्या वाटेवर पाऊण अंतरावर येतात, त्यामुळे घनफळात जेवढी सापेक्ष चूक, तिचा चौथा हिस्सा गुणिले अंतर इतका मध्य सरकतो. १ घनमीटरच्या ठोकळ्यात चौथ्या दशांश स्थळी एकाची चूक झाली, तर उत्तरेच्या २१,२४,००० चा चौथा हिस्सा ५,३१,००० गुणिले ०.०००१, म्हणजे ५३ मीटर! घनफळ १.०००१ दिसतं, कुणाला शंका येत नाही, आणि मध्य शेजारच्या प्लॉटवर. उपाय एका ओळीचा आहे, तरी तो केला जात नाही: आधी जवळचा एखादा बिंदू वजा करा, शेवटी मध्यात परत मिळवा.

```python
v = v.astype(np.float64)
o = v.mean(axis=0)
p = v - o
a, b, c = p[f[:,0]], p[f[:,1]], p[f[:,2]]
d = np.einsum('ij,ij->i', a, np.cross(b, c))
V = d.sum() / 6
C = o + (d[:,None]*(a+b+c)).sum(axis=0) / (24*V)
```

इथे `v` म्हणजे कोपरे, `f` म्हणजे प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांचे क्रमांक, आणि `np` म्हणजे नमपाय. `o` ही कोपऱ्यांची सरासरीच आहे, पण फक्त टेकू म्हणून. दुसरा कुठलाही जवळचा बिंदू चालेल. आणि शेवटचं `o +` विसरू नका.

आता मेशच सदोष असेल तर? घनाचा एक कोपरा ओरिजिनवर ठेवा आणि ओरिजिनला चिकटलेल्या तीन बाजूंपैकी एकीवरचा त्रिकोण उलटा करा. घनफळ १, मध्य बरोबर. कारण त्या बाजूंवरचे सहा त्रिकोण मुळात शून्यच देतात. म्हणजे बारापैकी सहा त्रिकोणांतला बिघाड दिसणारच नाही. तोच घन १० ते ११ मध्ये ठेवून जवळचा त्रिकोण उलटा करा, घनफळ ४.३३ येतं. लांबचा केला तर उणे २.६७. म्हणून ओरिजिन x, y, z दिशांना आळीपाळीने १०० ने सरकवून घनफळ पुन्हा काढा. बंद आणि नीट वळणाच्या मेशला फरक पडत नाही. पडला तर कुठेतरी भोक आहे किंवा त्रिकोण उलटा आहे, आणि तो आकडा कुणाच्याही हातात देऊ नका.

पण तेवढ्यावरही विसंबू नका. सरळ दंडगोलाची दोन्ही टोकं एक्स्पोर्ट करताना गळली, तर ओरिजिन कुठेही न्या, घनफळ तेच येतं, आणि दर वेळी खऱ्याच्या दोन-तृतीयांश. ३० लिटरचा दंडगोल ठामपणे २० लिटर दाखवतो. दोन्ही भोकं सारखी आणि समोरासमोर असल्यामुळे त्यांचा परिणाम एकमेकांना खातो. हे पकडायला कडाच मोजाव्या लागतात: प्रत्येक कड बरोबर दोनदा यायला हवी, एकदा i कडून j कडे आणि एकदा j कडून i कडे. एकदाच आली तर भोक, एकाच दिशेने दोनदा आली तर शेजारचा त्रिकोण उलटा. एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले कोपरे वेगळे लिहितो, त्यामुळे आधी एकाच जागेचे बिंदू जोडून घ्या, नाहीतर सगळीच कड एकटी दिसेल आणि तुम्ही वैतागून ही तपासणीच बंद करून टाकाल.