तो चुकीच्या पद्धतीने मेहनत करत होता

"ग्रोथ माइंडसेट म्हणजे मेहनत. मुलाला रोज 'प्रयत्न कर, जमेल' सांगा, तो काहीही शिकेल. मागे पडणाऱ्या मुलांचा माइंडसेट फिक्स्ड असतो."

हा मेसेज आमच्या अमळनेर तालुक्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरला, म्हणून लिहितो. ग्रोथ माइंडसेट म्हणजे क्षमता शिकण्याने वाढवता येते ही धारणा, आणि फिक्स्ड म्हणजे ती ठरलेलीच असते ही धारणा. मी सहावीला गणित शिकवतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहायचा. अंशात अंश, छेदात छेद मिळवायचा. घरच्यांनी त्याच्याकडून अशी वीस गणितं सोडवून घेतली, आणि वीसही त्याच चुकीने. मेहनत पुरेपूर होती, पण तिने चूकच पक्की झाली. शेवटी तो म्हणाला, "सर, माले काहीच समजनं नही." त्याला आणखी एकदा 'प्रयत्न कर' म्हणणं अन्याय झाला असता.

मी त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं उदाहरण देऊन विचारलं, अर्धी भाकरी आणि वर तिसरा हिस्सा मिळाला, तर अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी? "जास्त." मग २/५ तर अर्ध्याहूनही कमी! तो थबकला. आम्ही भाकरीचे सहा सारखे तुकडे केले. अर्धी म्हणजे तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून ५/६. छेद सारखा का करायचा, हे त्याला तेव्हा उमगलं. ग्रोथ माइंडसेटची कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनीही २०१५ मध्ये हेच बजावलं, की नुसत्या प्रयत्नाचं कौतुक पुरेसं नाही. अडलं की पद्धत बदलणं आणि मदत मागणं हाही त्या कल्पनेचाच भाग आहे.

'काहीही शिकेल' हा दावा तर संशोधनाने कुठेच केलेला नाही. अमेरिकेत ६५ सरकारी शाळांतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षमता वाढवता येते हे सांगणारा, तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन पाठ होता. मागे असलेल्या मुलांचे गुण ४ पैकी सरासरी ०.१ ने वाढले. एवढ्या थोड्या वेळासाठी ही वाढ मोलाची आहे, पण चमत्कार नव्हे. पुढच्या विश्लेषणात गणितातला फायदा तिथेच दिसला, जिथे मुलांची क्षमता वाढू शकते यावर शिक्षकांचाही विश्वास होता.

आणि मुलांवर 'फिक्स्ड' असा शिक्का मारणं मला सर्वांत जास्त खुपतं. एकाच माणसात दोन्ही माइंडसेट असतात. हाच मुलगा केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली की तीन तऱ्हेने उघडून पाहतो, हार मानत नाही. अपूर्णांक आला की मात्र वही मिटायचा. मूल कुठे वही मिटतं ते बघा, आणि तिथे त्याच्यासोबत बसा.

परवा २/३ + १/४ आलं. त्याने आधी कोपऱ्यात लिहिलं, 'अर्ध्याहून जास्त'. मग बारा तुकडे आखले, आठ आणि तीन मोजले, आणि ११/१२ लिहून वही माझ्याकडे सरकवली.