सारख्या वजनाचे तीन ढीग, पण वाटे सारखे नाहीत

"आई गेल्यावर तिचं सोनं वाटायचं असेल तर सोपा उपाय. सगळे दागिने सराफाकडे नेऊन एकदम काट्यावर ठेवा. येईल त्या वजनाला भावंडांच्या संख्येने भागा. थोडं कमी-जास्त झालं तर त्या दिवसाच्या भावाने पैसे द्या आणि विषय संपवा. कोणाला काय आवडतं ते विचारूच नका. भावना मध्ये आल्या की भांडण आलंच. शेवटी सोनं ते सोनं."

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका सराफी पेढीवर काट्याशी बसतो. हल्ली भावंडं फोनवर हाच मजकूर दाखवत आत येतात आणि "असंच करून द्या" म्हणतात. लिहिणाऱ्याला भांडणं टाळायची आहेत हे दिसतं. पण याप्रमाणे वाटणी केली तर एकाचं नुकसान होतं, आणि ते त्याला काही वर्षांनी दागिना मोडायला नेल्यावर कळतं. तोवर बोलायची वेळ गेलेली असते. मग राखीला येणं कमी होतं आणि त्याचं कारण कोणी कोणाला सांगत नाही.

आधी वजनाचं बघू, कारण खरी गफलत तिथेच आहे.

समजा तीन भावंडं आहेत. थोरली वाशीला, भाऊ पाचपाखाडीत, धाकटी ऐरोलीला. वडील आधीच गेलेले. आईची बोरमाळ भरली ३८ ग्रॅम. पाटल्यांचा जोड ३८ ग्रॅम. मंगळसूत्र २८ आणि एक वळं १० ग्रॅम, दोन्ही मिळून ३८. असे सारख्या वजनाचे तीन ढीग झाले की सगळे खूश होतात. पण हे ढोबळ वजन आहे. सोनं किती, ते अजून कोणी पाहिलेलंच नाही.

बोरमाळेचे मणी पोकळ असतात. दाबले जाऊन चेपू नयेत म्हणून त्यात लाख भरलेली असते. या माळेत ४० मणी आहेत. त्यातला एक मणी सोडवून त्याचं वजन केलं तर ०.९ ग्रॅम भरलं. मग कारागिराने तो तापवून आतली लाख काढली. उरलेलं सोन्याचं टरफल ०.६ ग्रॅमचं. म्हणजे ४० मण्यांत सोनं २४ ग्रॅम, लाख १२ ग्रॅम, आणि रेशीम व गोंडा मिळून २ ग्रॅम. मणी लहान-मोठे असतील तर मधला एक आणि कडेचा एक असे दोन उघडून बघावेत. मणी नंतर पुन्हा लाख भरून ओवता येतो, माळेला काही होत नाही. हे भावंडांच्या समोर करून घ्यायचं. 'लाख किती असेल' याचा तोंडी अंदाज मी देत नाही आणि कोणी दिला तर घेऊ नये, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

आता टंच, म्हणजे शंभर भागांत चोख सोनं किती भाग. २२ कॅरेट म्हणजे ९१.६. जुन्या दागिन्यांत मात्र घडवणाऱ्याने काय मिसळलं ते त्यालाच माहीत. सोनाराच्या चिठ्ठीवर २२ कॅरेट लिहिलेलं असतं आणि यंत्रावर ८३ येतो, असं होतं. हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यानंतर हॉलमार्क झालेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो आणि तो BIS Care या ॲपवर तपासता येतो. आईच्या लग्नातल्या दागिन्यावर असं काहीच नसणार. म्हणून प्रत्येक नग कॅरेटोमीटरवर लावून घ्यावा. हे यंत्र क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. वर मुलामा असेल तर आकडा जास्त दिसतो, डाक लावलेल्या सांध्याच्या जागी कमी दिसतो. त्यामुळे एकाच नगाचे तीन-चार ठिकाणी आकडे घ्यावेत: पुढून, मागून, सांध्यापासून लांब. आकड्यांत फार फरक पडला तर तो नग हॉलमार्किंग केंद्रात न्यावा. आगीतली कसोटी सगळ्यांत पक्की, पण तिच्यासाठी सोन्याचा तुकडा खर्ची पडतो, म्हणून ती शेवटी.

आता तेच तीन ढीग पुन्हा बघू. बोरमाळेचं सोनं २४ ग्रॅम, टंच ८३, म्हणून चोख सोनं १९.९२ ग्रॅम. पाटल्या भरीव, टंच ९१.६, चोख ३४.८. मंगळसूत्राचे काळे मणी ५ ग्रॅम वजा केले की २३ उरतात, टंच ९०, चोख २०.७. वळं ९९ टंचाचं, चोख ९.९. तिसरा ढीग एकूण ३०.६. सगळं मिळून ८५.३२ ग्रॅम चोख सोनं, प्रत्येकाच्या वाट्याला २८.४४. बोरमाळ घेणारी साडेआठ ग्रॅमने मागे राहिली आणि काट्याने तिला सांगितलं होतं की वाटणी सारखी झाली.

इथेच एक जोडून सांगतो. सगळं ग्रॅममध्ये लिहा, तोळ्यात लिहू नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. आईच्या वहीत '३ तोळे' असेल आणि काट्यावर ३० ग्रॅम आले, तर एक जण ३५ धरतो आणि पाच ग्रॅम कुठे गेले म्हणून दुसऱ्याकडे बघतो.

भावंडांच्या संख्येने भागा, हे नेहमी बरोबर नसतं. आईने मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या सोन्यात मुलगे, मुली आणि नवरा, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. वडील हयात असतील तर तीन भावंडांत चार वाटे होतात. वडिलांनी आपला वाटा सोडला तर ठीक, पण ते त्यांनी म्हणायला हवं, आपण गृहीत धरायचं नाही. आधी गेलेल्या भावाची मुलं असतील तर त्याचा वाटा त्यांना जातो. बहिणीच्या लग्नात खूप खर्च झाला म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. आणि बँकेच्या लॉकरला ज्याचं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं असतं, त्याला फक्त लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेता येतात, त्याने तो मालक होत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लॉकरमधलं सगळंच आईचं नसतं. एकत्र राहणाऱ्या घरांत सुनेचं माहेरचं सोनं त्याच डब्यात असतं. ते तिचं स्त्रीधन, वाटणीत येत नाही. आईने जिवंतपणी हातात दिलेल्या बांगड्याही आता आईच्या नाहीत. वजनाला हात लावायच्या आधी हे वेगळे काढा आणि लग्नातले फोटो समोर ठेवून काढा.

सोन्याच्या भावाबद्दल थोडक्यात. दुकानाच्या फळ्यावर २४ आणि २२ कॅरेटचे भाव असतात. नवीन दागिन्यात मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वर चढतात, तर मोडीत घट धरून कमी मिळतं. दागिना ठेवणारा मोडीचा भाव लावा म्हणतो, देऊन टाकणारा नव्याचा. माझं मत असं की मजुरी, जीएसटी, घट काहीच धरू नये आणि दोन्ही बाजूंना चोख सोन्याचा एकच भाव लावावा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा ९९.९ टंचाचा भाव कामाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी जाहीर होतो, त्यातला कोणता धरायचा हे आधी ठरवून टाका. आणि कागदावर रुपये लिहू नका. 'इतके ग्रॅम देणं' असं लिहा आणि पैसे देण्याच्या दिवशीचा भाव लावा. भाऊ सहा महिन्यांनी पैसे देणार असेल तर मधल्या काळातली तेजी त्याच्या खिशात का राहावी?

आवडीनिवडी विचारू नका, हे त्या मजकुरातलं मला सगळ्यात न पटणारं. न विचारल्याने ओढ जात नाही. ती टंचावरून, लाखेवरून, 'काटा बरोबर आहे ना' यावरून हुज्जत घालत बाहेर येते. पेढीवर बसून मी पाहतो, एक ग्रॅमसाठी ताणून धरणाऱ्या बाईला बहुतेक वेळा तो ग्रॅम नको असतो, तिला ती माळ हवी असते आणि तसं म्हणायला कोणी जागा दिलेली नसते.

म्हणून वजन व्हायच्या आधीच प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर हवे असलेले नग लिहावेत आणि चिठ्ठ्या एकत्र उघडाव्यात. एखादा नग एकालाच हवा असेल तर तो चोख वजनावर त्याच्या वाट्यात धरा. आपल्या उदाहरणात बोरमाळ दोघी बहिणींना हवी आहे. मग दोघींनी बंद चिठ्ठीत लिहायचं की माळेसाठी तिच्या चोख वजनापेक्षा किती ग्रॅम जास्त धरलेले चालतील. थोरलीने दीड लिहिलं, धाकटीने ३. माळ धाकटीला गेली आणि तिच्या नावावर १९.९२ ऐवजी २२.९२ धरले. एकूण झालं ८८.३२, वाटा २९.४४. पाटल्या घेणारा भाऊ ५.३६ ग्रॅमचे पैसे देईल, मंगळसूत्र आणि वळं घेणारी थोरली १.१६ ग्रॅमचे. धाकटीला मिळतील ६.५२ ग्रॅमचे. जास्तीची बोली लावली नसती तर तिला ८.५२ मिळाले असते. माळेच्या ओढीची किंमत तिने स्वतः ठरवली, आणि थोरलीच्या हाती माळ आली नाही तरी एक ग्रॅम आला.

यात एक अडचण आहे. घरात एक जण सुस्थितीत आणि एक ओढाताणीत असेल तर पैसेवाला प्रत्येक बोली जिंकतो. अशा घरात बोली लावू नये. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा, पहिल्या फेरीत १-२-३ आणि दुसऱ्या फेरीत ३-२-१ असा, प्रत्येकाने आपल्या पाळीला एक नग उचलावा आणि शेवटी चोख ग्रॅमचा फरक मिटवावा.

मोत्यांची नथ मात्र कोणत्याच हिशेबात नीट बसत नाही. तिच्यात सोनं दोन-तीन ग्रॅम, आणि जुन्या मोत्यांना मोडीत सराफ जवळजवळ काही देत नाही. तिच्या सोन्याचे ग्रॅम धरा, मोत्यांचे धरू नका, आणि ती कोणी घालायची हे बोलून ठरवा. काही घरांत ती एकीकडे ठेवतात आणि प्रत्येक घरच्या लग्नकार्याला देतात. असं ठरलं तर ती कोणाच्या लॉकरमध्ये राहणार आणि कार्य झाल्यावर किती दिवसांत परत यायची, हे लिहून ठेवा.

शेवटी एक साधा कागद करा. प्रत्येक नगाचा फोटो, ढोबळ वजन, लाख-मणी-धाग्याचं वजन, टंच, चोख ग्रॅम, कोणाला गेला, कोणी कोणाला किती ग्रॅम द्यायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. खाली सगळ्यांच्या सह्या, वडील असतील तर त्यांचीही. सोन्याच्या वाटणीला नोंदणीची गरज नाही. पण पुढे एखादा दागिना विकायची वेळ आली तर तो कुठून आला, हे दाखवायला हाच कागद लागतो, म्हणून प्रत्येकाने आपली प्रत जपून ठेवावी.